विज्ञान प्रकल्पातील नक्कलीबाबत

सान्वीच्या (नववी ब) आईस,
सप्रेम नमस्कार.

'मांडवीच्या पाण्यातील क्षार' या प्रकल्पाची प्रस्तावना व निष्कर्ष सान्वीने एका संकेतस्थळावरून शब्दशः उतरवले आहेत, स्रोतही दिलेला नाही. म्हणून लेखी ताकीद दिली आहे. गुण अजून कापलेले नाहीत.

निष्कर्षात लिटरमागे 35 ग्रॅम क्षार लिहिलेत. ते समुद्राचे सरासरी प्रमाण. जुलैत रायबंदरला नदीत पावसाचे पाणी भरपूर मिसळलेले असते. तिच्या वहीत मात्र 100 मिलिलिटर पाणी आटवून 0.6 ग्रॅम, म्हणजे लिटरमागे 6 ग्रॅम, अशी नोंद आहे. हा तिचा स्वतःचा, खरोखर चांगला प्रयोग. तोच अहवालात हवा.

दोन्ही भाग वही समोर ठेवून तिने स्वतःच्या शब्दांत लिहावेत, बाहेरच्या माहितीखाली स्रोत द्यावा. कृपया तुम्ही लिहून देऊ नका. शुक्रवारपर्यंत चालेल.

विज्ञान शिक्षिका