सुमनआत्याचा फोन : तिन्हींचा विचार करून ठरवलेला पर्याय

सर्वांना नमस्कार. आत्या या ग्रुपमध्ये नाही, म्हणून मोकळेपणाने सविस्तर लिहीत आहे. तिच्याशी बोलताना मात्र फोनचा विषय कोणीही काढू नये. तिच्या निवृत्तीला आता बारा दिवस उरले आहेत. रविवारच्या चर्चेनंतर सॅमसंग गॅलक्सी ए१६ ५जी, सॅमसंग गॅलक्सी ए३६ आणि गूगल पिक्सेल ८ए ही तीन नावे उरली. त्यांतून एक ठरवण्याचे काम तुम्ही माझ्याकडे सोपवले होते. माझ्या मते आपण गॅलक्सी ए३६ घ्यावा, आणि तोही २५६ जीबीचा. कारणे पुढे लिहिते. कोणाला ती पटली नाहीत, तर गुरुवारी रात्रीपर्यंत जरूर कळवा.

किमतीचा मुद्दा माधवकाकांनी मांडला आणि तो योग्यच आहे. ए१६ च्या तुलनेत ए३६ ला जवळपास दुप्पट आणि पिक्सेलला साधारण अडीचपट पैसे पडतात. काका, 'फोनवर बोलायचे आणि गाण्याचे वर्ग घ्यायचे, त्यासाठी इतका खर्च कशाला?' असे तुम्ही विचारलेत, म्हणून मी ए१६ कडे सर्वांत आधी आणि सर्वांत जास्त वेळ पाहिले. तो कमी दर्जाचा फोन अजिबात नाही. पडदा ६.७ इंची अमोलेड आहे, बॅटरी ५००० एमएएचची आहे, मेमरी कार्ड घालता येते आणि सॅमसंगने त्याला सहा वर्षे अपडेट देण्याचे जाहीर केले आहे. बोटाच्या ठशाचा सेन्सर कडेच्या बटणात आहे. बागेत काम करून आत्याची बोटे खरखरीत झालेली असतात, आणि पडद्याखालच्या सेन्सरपेक्षा हा तिला बहुधा सोपा गेला असता. ही सोय ए३६ घेताना आपण सोडत आहोत, हे मला मान्य आहे.

तरीही ए१६ मागे ठेवण्याचे कारण आत्याच्या हातात आणि कानात आहे. गेल्या वर्षभरात तिचा उजवा हात किंचित थरथरतो, आणि तिने पाठवलेले संध्याकाळचे फोटो बहुतेक हललेले असतात, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. ए१६ आणि ए३६ या दोन्हींचा मुख्य कॅमेरा ५० मेगापिक्सेलचाच आहे, त्यामुळे कागदावर ते सारखे वाटतात. पण हाताचे हलणे भिंगातच सावरणारी ओआयएस ही सोय ए३६ मध्ये आहे, ए१६ मध्ये नाही. कमी उजेडात कॅमेऱ्याला प्रकाश गोळा करायला जास्त वेळ लागतो, आणि तेवढ्या वेळात हात हलला की चित्र फिसकटते. मेगापिक्सेलचा आकडा कितीही मोठा असला तरी त्याने हे दुरुस्त होत नाही. दुसरे म्हणजे ए१६ ला एकच स्पीकर आहे, तर ए३६ ला दोन आहेत. जी बाई मुलींच्या सुरातला फरक फोनवरून ऐकून सांगते, तिच्यासाठी ही चैन नाही, तो तिच्या कामाचा भाग आहे.

आता पिक्सेल ८ए. रोहनदादा, तुझा आग्रह मी मनापासून तपासला. फोटो त्याचेच सर्वांत चांगले येतात, ओआयएस आणि दोन स्पीकर त्यालाही आहेत, आणि तारेशिवाय चार्ज होण्याची सोय तिघांत फक्त त्यालाच आहे. सध्याच्या फोनमध्ये वायर तिरकी धरल्याशिवाय चार्जिंग होत नाही, हे पाहिल्यावर ती सोय मलाही मोहात पाडत होती. पण त्याचा पडदा ६.१ इंचांचा आहे. आत्या अक्षरे सर्वांत मोठी करून वाचते, आणि तेवढ्या पडद्यावर मोठ्या अक्षरांच्या चारपाच ओळी वाचून झाल्या की बोटाने सरकवत राहावे लागते. वर्गात सहा मुली एकाच वेळी पडद्यावर असतात, त्यांचे चेहरेही तिला दिसायला हवेत. शिवाय त्याची बॅटरी ४४९२ एमएएचची, म्हणजे तिघांत लहान आहे.

सात वर्षांच्या अपडेटचा तुझा मुद्दा मात्र नीट मोजून पाहण्यासारखा होता. ही वर्षे आपण फोन विकत घेतल्या दिवसापासून मोजली जात नाहीत, फोन बाजारात आल्यापासून मोजली जातात. पिक्सेल ८ए मे २०२४ मध्ये आला, म्हणून त्याची सात वर्षे मे २०३१ मध्ये संपतात. ए३६ मार्च २०२५ मध्ये आला, त्याची सहा वर्षे मार्च २०३१ च्या सुमारास संपतात. म्हणजे प्रत्यक्षात फरक दोनेक महिन्यांचाच उरतो, आणि तेवढ्यासाठी जास्त किंमत मोजण्याचे कारण मला दिसत नाही.

ए३६ बद्दल प्राचीताईने घेतलेली शंका रास्त आहे : त्यात मेमरी कार्ड घालता येत नाही. आत्याच्या आताच्या फोनची ६४ जीबी जागा रियाजाच्या ध्वनिमुद्रणांनी आणि मुलींच्या व्हिडिओंनी भरली आहे, आणि त्यातले काहीही पुसायला ती तयार नसते. १२८ जीबीमधून फोनची स्वतःची प्रणाली बरीच जागा घेते, त्यामुळे दोनतीन वर्षांत पुन्हा हाच प्रश्न उभा राहील. म्हणूनच ८ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठवण असलेला प्रकार घ्यावा, असे मी म्हणते. त्याने ए३६ आणि पिक्सेल यांच्या किमतीतले अंतर कमी होते, हे खरे. तरीही पडद्याच्या आकारामुळे माझे मत बदलत नाही. आत्याचा टॅब सॅमसंगचाच असल्याने सेटिंग्जची मांडणीही तिला ओळखीची वाटेल.

खर्चात दोन गोष्टी विसरू नयेत. ए३६ च्या खोक्यात चार्जर येत नाही, आणि आत्याचा जुना चार्जर वेगळ्या पिनचा आहे. तेव्हा टाइप-सीचा, शक्यतो ४५ वॉटचा चार्जर वेगळा घ्यावा लागेल. तिन्हींपैकी एकाही फोनला इअरफोनची गोल पिन बसत नाही. आत्या तारेचेच इअरफोन लावून तानपुरा ऐकते, आणि तिची ही सवय आपण मोडू नये. त्यासाठी टाइप-सीचा छोटा जोड मिळतो, मात्र ज्यात ध्वनीची स्वतःची चिप असते तोच घ्यावा. साधा जोड लावला तर आवाज न येण्याची शक्यता असते. फोन, चार्जर, जोड आणि कव्हर मिळून येणारी रक्कम चारही घरांनी सारखी वाटून घ्यावी. प्राचीताईचे शिक्षण अजून चालू आहे, तेव्हा तिचा वेगळा वाटा धरू नये, असे बाबांनी सुचवले आहे आणि मलाही तसेच वाटते.

रंग फिकट जांभळा घ्यावा, तिच्या आवडीचा. रोहनदादा, फोन आल्यावर खोके उघडून तूच तो एकदा सुरू करून अपडेट करून ठेव, आणि भेट दिल्यावर त्याच संध्याकाळी तिच्याजवळ बसून जुन्या फोनमधली ध्वनिमुद्रणे नव्यात घे. जुना फोन किमान महिनाभर पुसू नये. गुरुवारी रात्री नऊपर्यंत कोणाची हरकत आली नाही, तर शुक्रवारी सकाळी मी फोन मागवते आणि पावतीचा फोटो इथेच टाकते.

— मीनल