महाविद्यालय परिसराचे अंतर्गत पर्यावरण लेखापरीक्षण: प्रकल्प अहवाल

द्वितीय वर्षाच्या पर्यावरण अभ्यास विषयासाठी आमच्या पाच जणांच्या गटाने 6 ते 11 जानेवारी या काळात मुख्य इमारत, प्रयोगशाळा, उपाहारगृह आणि वसतिगृहाची प्रत्यक्ष पाहणी केली.

तपासणी यादी
पाणीगळती नाही ना? – आहे, तीन ठिकाणी.
ओला व सुका कचरा वेगळा होतो का? – अंशतः.
रिकाम्या वर्गांत दिवे-पंखे बंद असतात का? – नाही.
रासायनिक सांडपाणी वेगळे साठवतात का? – नाही.
ई-कचऱ्याची नोंद आहे का? – नाही.

निरीक्षणे
वसतिगृहाच्या तळमजल्यावरील गळक्या नळाखाली एक लिटरची बाटली ठेवली असता ती बारा मिनिटांत भरली. म्हणजे या एकाच नळातून दिवसाला 120 लिटर पाणी वाया जाते, आणि वॉशर बदलण्याचा खर्च मात्र किरकोळ आहे. उपाहारगृहात हिरवा व निळा असे दोन्ही डबे आहेत, परंतु सफाई कर्मचारी ते एकाच गाडीत रिकामे करताना आम्ही दोनदा पाहिले, त्यामुळे दोष केवळ विद्यार्थ्यांचा म्हणता येत नाही. रसायनशास्त्र प्रयोगशाळेतील आम्ले बेसिनमध्येच ओतली जातात. ही बाब आम्हाला सर्वांत गंभीर वाटते. जिन्याखालील अकरा जुने संगणक ई-कचरा नियम, 2022 खाली नोंदणी असलेल्या पुनर्चक्रणकर्त्याकडे द्यावेत, भंगारवाल्याकडे नव्हे.

शिफारशी
नळदुरुस्ती आठवड्यात व्हावी. आम्लांचे उदासिनीकरण चालू सत्रापासूनच सुरू करावे.