लोणारचं वय किती? 52 हजार की 5 लाख 70 हजार वर्षं | बेसॉल्टमधल्या उल्काविवराची गोष्ट

मुखचित्रावरचे शब्द: दोन वयं, एक खड्डा. रविवारी रात्री 8.

वर्णन

रविवार, 16 नोव्हेंबर, रात्री 8 वाजता (भारतीय वेळ). लंडनला दुपारचे अडीच, दुबईत संध्याकाळचे साडेसहा, न्यू जर्सीत सकाळचे साडेनऊ. सिडनीकरांनो, तुमच्याकडे सोमवारची पहाट होण्याआधीचे दीड वाजलेले असतील. झोपा, फिल्म नंतरही इथेच राहणार आहे.

बुलढाणा जिल्ह्यातल्या लोणारच्या कड्यावर पहिल्यांदा उभं राहिलं की खाली गोल हिरवं जंगल आणि मधोमध पाणी दिसतं. खड्डा आरपार सुमारे पावणेदोन किलोमीटर आणि कड्यापासून दीडशे मीटरच्या आसपास खोल. हा ज्वालामुखीचा नाही. वरून आलेल्या दगडाने 6.5 कोटी वर्षं जुन्या बेसॉल्टमध्ये पाडलेला आहे. बेसॉल्टमध्ये इतकं नीट टिकलेलं उल्काविवर पृथ्वीवर फार दुर्मीळ, म्हणून चंद्र-मंगळाचे अभ्यासकही इथल्या दगडांमागे लागतात.

पण हा दगड पडला कधी?

आमच्या शाळेत 50 हजार वर्षं शिकवलं होतं, गाइडही तेच सांगतो. आघातात वितळून झालेल्या काचेच्या खड्यांवरून उष्मादीप्ती पद्धतीने काढलेलं वय सुमारे 52 हजार निघालं. पुढे त्याच जातीच्या काचेवर आरगॉन पद्धत वापरली तेव्हा 5 लाख 70 हजार आलं, 47 हजार इकडे-तिकडे. एकाच खड्ड्याची दोन वयं, दहापटीहून जास्त अंतर! कुणी गणितात चुकलं म्हणून हे झालेलं नाही. उष्मादीप्तीत काचेत साठलेली ऊर्जा मोजतात, ती एका मर्यादेपुढे साठत नाही किंवा मधल्या काळात ओसरते. आरगॉनमध्ये पोटॅशियमचा क्षय मोजतात, पण वितळताना जुन्या बेसॉल्टमधला आरगॉन पुरता निघून गेला नाही तर काच आहे त्याहून म्हातारी दिसते. आम्ही दोघं वर्षभर याच भांडणात पडलो होतो. फिल्ममध्ये आमचा कल कुणाकडे आहे ते कळेल, इथे सांगत नाही.

38 मिनिटं. मराठी, मराठी उपशीर्षकांसह. जाहिरात मध्ये येणार नाही.

0:00 कडा, सकाळी सहा
4:15 धार आणि दैत्यसूदन
10:40 1823 सालचा पाहुणा
16:20 ज्वालामुखी की उल्का
24:10 गुलाबी पाणी, जून 2020
28:30 दोन वयं

धारेबद्दल दोन शब्द. सरोवराचं पाणी खारं आणि अल्कधर्मी, सामू 10 च्या आसपास, कपडे साबणाशिवाय धुवावेत असं. आणि त्याच खड्ड्याच्या कडेला गोड्या पाण्याची धार, गोमुखातून बारमाही. लोणारची माणसं आधी धारेची गोष्ट सांगतात, उल्केची नंतर. चित्रीकरणात आम्हालाही तसंच जावं लागलं. लवणासुराला विष्णूने मारलं ही कथा आणि दैत्यसूदन हे देवळाचं नाव एकाच वाक्यात येतात, मग पाणी खारट का हे विचारायला जागाच उरत नाही.

1823 मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने लोणारची नोंद केली आणि पुस्तकांत 'शोध' त्याच्या नावावर लागला. देवळं उभी राहून शतकं झाली होती तेव्हा हा शोध लागला, हे जरा लक्षात असू द्या.

लोणारला जाणार असाल तर: 2020 पासून हे रामसर स्थळ आहे, अभयारण्य त्याआधीपासून. काचेचा खडा सापडला तर हातात घ्या, पाहा आणि तिथेच ठेवा. आमच्याकडेही एकही नाही.

उलटी मोजणी: पडद्यावर 8 वाजता दोन मिनिटांची मोजणी सुरू होईल, 8:02 ला चित्र. तोवर सूचनेचं बटण दाबून ठेवा. प्रीमियर चालू असताना मागे जाता येतं, पुढे उडी मारता येत नाही. दूध उतू जात असेल तर गॅस बंद करून या, राहिलेलं मागे जाऊन पाहता येईल.

चॅटमध्ये वर टाचलेला मजकूर

राम राम मंडळी! चॅट मराठीत, वऱ्हाडी-मालवणी-अहिराणी सगळं चालेल. एकाचा संदेश 30 सेकंदांतून एकदाच जाईल, म्हणून एका दमात लिहा. 'पाणी गुलाबी का झालं' हे 8:26 च्या आसपास पडद्यावर येतं, तोवर धीर धरा. 'एलियन' लिहिलेला पहिला संदेश आम्ही हसून सोडू, दुसरा काढू. देव-धर्मावरून भांडण नको: देवळाची गोष्ट आणि दगडाची गोष्ट, दोन्ही फिल्ममध्ये आहेत. शिवी दिसली की संदेश जाईल, परत दिसली की माणूस.

आमच्याकडून चॅटमध्ये जाणारे संदेश

7:30: आलात? कुठून पाहताय ते गावाच्या नावासकट लिहा. मेहकर, रिसोड, सिंदखेडराजावाल्यांनो, आज तुमच्या अंगणातली गोष्ट आहे, चूक दिसली तर लगेच टोका.

7:45: तोवर एक प्रश्न. लोणारचा खड्डा उल्केने पडला हे दगडातल्या पुराव्याने शास्त्रीय नियतकालिकात कोणत्या साली ठामपणे मांडलं गेलं: 1896, 1973 की 2010? आकडा लिहा. उत्तर 8:18 नंतर, पडद्यावरच.

7:58: हेडफोन असेल तर लावा. सुरुवातीला दीड मिनिट कुणी बोलत नाही, फक्त मोर आणि माकडं. आवाज गेलाय असं समजून आम्हाला लिहू नका!

8:00: मोजणी सुरू. दोन मिनिटं.

8:06: ही धार. नोव्हेंबरच्या पहाटेचं पाणी आहे, कॅमेरा धरणाऱ्याचे हात थरथरताना दिसतील.

8:24: बरोबर उत्तर 1973. 2010 लिहिणारे बरेच असतील असं वाटतंय, रागावू नका, आम्हीही आधी तेच म्हणालो होतो.

8:26: हं, आता गुलाबी. क्षार वाढले, पाणी उतरलं, आणि खारटपणात रमणाऱ्या सूक्ष्मजीवांचा रंग चढला. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने नमुने तपासले होते. रंग पुढे ओसरला, त्यामुळे आज जाऊन गुलाबी फोटो मिळायचा नाही.

8:31: इथून शेवटच्या दहा मिनिटांत चॅटवर आम्ही गप्प बसणार. दोन्ही बाजू ऐका, मग लिहा: 52 हजार की 5 लाख 70 हजार?

8:40: संपली. आम्ही दोघं 9 वाजेपर्यंत इथेच आहोत. वयाबद्दल तुमचं मत टाका, कारणासकट. 'मला वाटतं' एवढंच लिहिणाऱ्याला आम्ही 'का' विचारणार. कड्यावर गेलेले असाल तर कोणत्या महिन्यात गेलात तेही सांगा, पाण्याची पातळी लिहून ठेवतोय.

8:59: चॅट आता बंद होतंय, पण व्हिडिओसोबत पुन्हा वाचता येईल. ज्यांचे प्रश्न राहिले त्यांनी खाली टाकावेत, बुधवारपर्यंत उत्तर देऊ. धारेचं पाणी प्यायलेल्यांनी चव कशी होती तेही लिहा. आमचं दोघांचं यावर अजून एकमत नाही.