जिच्या पेन्सिलीखालून हे पान गेलं नाही, त्या आईस

अर्पणपत्रिका दोन ओळींची असावी, असं तुझं ठाम मत. ‘तिसरी ओळ आली की लेखक स्वतःबद्दल बोलायला लागतो,’ असं तू एकदा कुणाच्या तरी प्रुफाच्या समासात लिहिलंही होतंस. मग खोडरबराने पुसून टाकलंस, कारण मुद्रितशोधकाने मत द्यायचं नसतं. तुझ्या मताचा मान ठेवून एक ओळ वर लिहिली आहे. इथून पुढचं माझं.

चौतीस वर्षं तू लोकांची पुस्तकं तपासलीस. त्यातल्या दोनच पुस्तकांत तुझं नाव छापलं गेलं, आणि एकात ते चुकलं. तू हसलीस. म्हणालीस, ‘ते पान माझ्याकडे आलंच नव्हतं.’ नावाचं पान, अर्पणपत्रिका, ऋणनिर्देश ही पानं सगळ्यात शेवटी घाईघाईत तयार होतात आणि कुणाच्याही नजरेखालून न जाता छापायला जातात, हे तुझं जुनं दुखणं. ‘चुका बारीक टाइपात नसतात गं, मोठ्या टाइपात असतात. तिथे बघायला कुणी जातच नाही.’ तुझ्या कपाटात एक पुस्तक कायम उलटं ठेवलेलं असायचं. आतली तीनशे पानं तू डोळ्यांत तेल घालून तपासली होतीस, आणि मुखपृष्ठावरच्या चार शब्दांच्या नावात एक वेलांटी चुकली होती. ते मुखपृष्ठ तुला दाखवलेलं होतं. तू ते पाहिलं होतंस. ही गोष्ट तू मला मी तिशीची झाल्यावर सांगितलीस. तोवर मला वाटायचं, आईची चूक होतच नाही.

मी आठ-नऊ वर्षांची असल्यापासून मूळ प्रत माझ्या हातात असायची आणि प्रूफ तुझ्यापुढे. मी मोठ्याने वाचायचं, तू ओळीखाली पट्टी सरकवत जायचं. वाचायचं म्हणजे सगळंच वाचायचं. ‘पाऊस थांबला स्वल्पविराम पण पागोळ्या थांबल्या नाहीत पूर्णविराम नवा परिच्छेद.’ शाळेत धडा वाचायला उभं केलं तेव्हा मी त्यातले स्वल्पविरामही वाचले. वर्ग इतका हसला, की बाईंना फळ्याकडे तोंड करावं लागलं. घरी येऊन मी तुला सांगितलं, आता मी हे काम करणार नाही. तू म्हणालीस, ‘बरं.’ आणि स्वतःच मूळ प्रत डावीकडे, प्रूफ उजवीकडे ठेवून एकेक ओळ मान वळवून ताडून बघायला लागलीस. दोन दिवस मी ती मान बघत होते. तिसऱ्या दिवशी प्रत उचलली.

जुन्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या आल्या की मला मजा वाटायची. १९६२ सालच्या लेखननियमांनी उच्चारात नसलेले अनुस्वार काढून टाकले होते. त्यामुळे ‘कांहीं’वरचे दोन्ही ठिपके जायचे, ‘नाहीं’वरचा एक, ‘घरें’वरचा एक. पानावरचे ठिपके मोजायचं काम माझं. मी आकडा सांगायचा, आणि तुझी खोडल्याची चिन्हं तितकीच भरली, तरच पान पुढे जायचं. आधीचे चौदा नियम आणि १९७२ साली आलेले चार, असे अठराच्या अठरा तुला पाठ होते, पण तू ते नियमासारखे कधी शिकवले नाहीस. ‘मूल’ एकटं असतं तेव्हा त्यातला मू दीर्घ. प्रत्यय लागला, की मुलाला, मुलाचं, मुलामुळे, सगळीकडे ऱ्हस्व. ‘अंगावर काही पडलं, की माणूस आखडतो तसं,’ असं तू म्हणालीस. मी हा नियम त्यानंतर कधीच विसरले नाही. व्याकरणाच्या दृष्टीने त्या स्पष्टीकरणात काहीही अर्थ नाही, हे आपल्या दोघींनाही ठाऊक आहे.

पण शुद्धलेखन ही त्यातली लहान गोष्ट. मोठ्याने वाचताना एखाद्या वाक्याला माझा दम तुटायचा. तू काही बोलायची नाहीस. त्या ओळीवर पेन्सिल आडवी ठेवायचीस आणि म्हणायचीस, ‘परत वाच.’ दुसऱ्यांदाही दम तुटला, की समासात एक छोटं प्रश्नचिन्ह. वाक्य बदलायचं नाही. ते ज्याचं आहे त्याला विचारायचं. अनेकदा उत्तर यायचं, ‘आहे तसंच ठेवावे.’ तू ते तसंच ठेवायचीस, कुरकुर न करता, आणि पुढच्या पानावर पुन्हा तितक्याच बारकाईने लागायचीस. मला राग यायचा. तुझ्या डोक्यातलं वाक्य त्या माणसाच्या वाक्यापेक्षा चांगलं असायचं. मी ते ऐकलेलं असायचं, कारण तू ते हलक्या आवाजात एकदा म्हणून बघायचीस, स्वतःसाठी, आणि सोडून द्यायचीस.

या पुस्तकात अकरा कथा आहेत. त्यांतली माणसं माझी नाहीत, हे मी तुझ्याकडून शिकले. त्यांच्या तोंडी माझं जास्त चांगलं वाक्य घालायचा मोह झाला, तेव्हा कच्च्या खर्ड्याच्या समासात मी प्रश्नचिन्ह काढलं आणि त्यांना विचारलं. बहुतेकांनी ‘आहे तसंच ठेवावे’ म्हटलं. सातव्या कथेतल्या म्हाताऱ्याने तर चार पानं परत घ्यायला लावली.

आता तुझ्या डोळ्यांच्या पडद्याचा मधला भाग झिजला आहे. शब्दाकडे बघितलं की नेमका तोच शब्द नाहीसा होतो आणि कडेचे तेवढे दिसतात, असं तू डॉक्टरांना सांगितलंस, तेही एखादी खूण समजावून सांगावी तशा सुरात. गेल्या वर्षभरात मी या कथा तुला वाचून दाखवल्या, स्वल्पविरामांसकट. तू डोळे मिटून ऐकत होतीस. मध्येच, ‘“दीन” म्हणालीस तो कोणता? गरीब की दिवस?’ संगणकावरचा तपासनीस ‘दिन’ही बरोबर म्हणतो आणि ‘दीन’ही. तिथे मी दिवसाला दीर्घ करून ठेवलं होतं. कानाने ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही, म्हणून तू प्रत्येक संशयाच्या जागी थांबवत होतीस आणि मी चिडत होते. चिडल्याबद्दल माफ कर. तू एकंदर बासष्ट जागी थांबवलंस. त्यांतल्या एकोणीस जागी खरंच चूक होती. तीन ठिकाणी तू नुसतंच ‘परत वाच’ म्हणालीस. ती तिन्ही वाक्यं मी बदलली आहेत. एकदाही ‘आहे तसंच ठेवावे’ म्हणायची हिंमत झाली नाही.

हे एक पान तेवढं तुला न सांगता लिहिलं. प्रकाशकांनाही सांगून ठेवलं आहे, की हे कुणाकडे तपासायला पाठवू नका. म्हणजे तुझ्या हिशेबाने चूक असेल तर ती इथेच असणार, आणि तीही वरच्या मोठ्या टाइपातल्या ओळीत. पुस्तक हातात आलं, की आधी हेच पान वाचून दाखवीन. पट्टी आणि पेन्सिल जवळ ठेव. काही सापडलं तर दुसऱ्या आवृत्तीत दुरुस्त करू.