उपांत्य सामना : संघासाठी सूचना

त्यांचा ९ नंबर आपल्या डावीकडून शिरतो. दोन चढाया रिकाम्या काढून तिसरीला जोर लावतो. बोनसला पाय टाकण्याआधी त्याची नजर कोपऱ्याच्या पायावर जाते. ती खूण ओळखा.

```
मध्यरेषा  ────────────────
     ↓ ९
बोनस रेषा ────────────────
   ४  ६  ३  १  ५  ७  २
```
(४ डावा कोपरा, २ उजवा कोपरा)

```
४ → ९ चा घोटा
३ → ९ ची परतीची वाट
```

४, पाय रेषेवर पडला की घोटा धर, आधी झेपावू नकोस. ६, ४ चा हात सोडायचा नाही. ३, तुझ्यावर माझी सगळी भिस्त आहे: तो वळला की तू मध्यरेषेच्या बाजूला हवास, धडक कमरेत. १ आणि ५ मागून आधार. ७, २, जागा सोडू नका.

आपण पाच उरलो तर बोनस नाही, मग पुढे सरकून उभे राहा. तिघे उरलो तर अव्वल पकडीचे दोन गुण आहेत, घाबरून मैदानाबाहेर जाऊ नका.

चढाया १ आणि ५ करतील. त्यांचा उजवा कोपरा उतावळा आहे, हात दाखवा, तो पुढे येईल. आघाडी असेल तर तिसरी चढाई ७ कडे.