डिलिव्हरी व फिल्ड स्टाफसाठी मजबूत फोन: खरेदीचा तपशील

नग १४. वापर बेळगाव, निपाणी, खानापूर आणि चंदगड भागात, बहुतेक दुचाकीवरून. जांबोटी-चोर्ला बाजूचा पावसाळा डोळ्यांसमोर ठेवूनच दर द्यावा.

धूळ-पाण्यासाठी किमान आयपी६८. नुसते ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेले चालणार नाही. किती खोल पाण्यात, किती वेळ, हे कंपनीच्या कागदावर दाखवावे. ‘मिल-एसटीडी-८१०एच’ हा शिक्का कोणीही छापतो; त्यातल्या कोणत्या चाचण्या केल्या ते सांगा. आम्हाला पडण्याची आणि कंपनाची हवी. ओल्या बोटाने स्क्रीन चालली पाहिजे, भर उन्हात पत्ता वाचता आला पाहिजे.

बॅटरी किमान ५००० एमएएच. रॅम ६ जीबी, साठवण १२८ जीबी. दोन सिम एकाच वेळी चालू, दोन्हींवर व्होल्टी: घाटात एका कंपनीची रेंज गेली तर दुसरी हवी. कॅमेऱ्याने बारकोड झटपट वाचावा. मेगापिक्सेलचे कौतुक नको. मराठी व कन्नड दोन्ही कीबोर्ड हवेत.

सुरक्षा अपडेट किमान ३ वर्षे, लेखी. वॉरंटीत पाण्याने झालेले नुकसान धरले आहे की नाही, स्पष्ट लिहावे. दुरुस्ती बेळगावातच, तोवर बदली फोन द्यावा.

दर जीएसटीसह. आधी एक नमुना, आठवडाभर वापरून मगच ऑर्डर.