अनगोळच्या घराचा हॉल आणि दोन दारं परत करून द्यावीत, मग राहिलेला हिशोब

नमस्कार मिस्त्री,

काल रात्री ट्यूबलाइटखाली आणि आज सकाळी खिडकीच्या उजेडात सगळ्या भिंती बघितल्या. दोन्ही बेडरूमचं काम चांगलं झालंय, तिथं माझं काही म्हणणं नाही. पण हॉलच्या दोन भिंती आणि दोन दारं आहेत तशी पास करता येत नाहीत. फोटो पाठवलेत. जिथं खोट आहे तिथं मास्किंग टेपचे तुकडे लावून ठेवलेत. ते काढू नका, आल्यावर दोघं मिळून बघू.

टीव्हीच्या भिंतीवर (११ बाय १०) पाच ठिकाणी निस्तेज चट्टे दिसतात. टॉर्च भिंतीला टेकवून तिरका मारला की लगेच कळतं. प्रायमर झाल्यावर वायरमननं झिऱ्या मारल्या, तुम्ही त्या पुट्टीनं भरल्या आणि वर थेट रंग मारला. कोरड्या पुट्टीनं रंग ओढून घेतला, म्हणून तेवढाच भाग फिका पडला. वरून आणखी एक हात मारला तरी चट्टे परत दिसणार. तिथं २२० नंबरचा पॉलिश पेपर मारून कडा सपाट करा, धूळ ओल्या फडक्यानं पुसा, प्रायमरचा एक हात द्या आणि तो पूर्ण वाळल्यावर सगळ्या भिंतीला दोन हात द्या.

सोफ्यामागच्या भिंतीचं (१४ बाय १०) दुखणं वेगळं आहे. रोलरचे उभे पट्टे दिसतात आणि छताखाली दोन-अडीच इंचाची गडद पट्टी राहिलीय. आधी सगळ्या भिंतीचं ब्रशनं कटिंग झालं, ते वाळलं आणि मग रोलर फिरला. त्यामुळे कडा एकमेकीत मिसळल्याच नाहीत. शिवाय खिडकीच्या उजवीकडे रंगच थोडा वेगळा वाटतो, कारण दुसरा डबा तिथून उघडला. शेड एकच असली तरी मशीनवर दोन वेळा काढलेल्या डब्यांत फरक पडू शकतो.

या वेळी उरलेला रंग आणि मी आणणार तो ४ लिटरचा नवीन डबा एकाच बादलीत ओतून नीट ढवळा, मग दोन्ही भिंतींना तोच वापरा. पाणी मापानं घाला, डब्यावर लिटरला ४०० मिलीच्या आत लिहिलंय. अंदाजानं ओतलं की रंग पातळ होतो आणि खालचं झाकत नाही. एकानं तीन-तीन फुटांचं कटिंग करत पुढं जावं, दुसऱ्यानं लगेच मागून रोलर फिरवावा आणि भिंत मधे न थांबता एका कोपऱ्यापासून दुसऱ्या कोपऱ्यापर्यंत संपवावी. शेवटचा रोलर सगळीकडे वरून खाली, हलक्या हातानं. रंग मारताना पंखा बंद ठेवा, नंतर लावा. सध्या बेळगावची हवा ओलसर आहे, म्हणून दोन हातांमधे निदान सहा तास जाऊ द्या.

नुसतं टचअप मात्र नको. वाळलेल्या भिंतीवर मधेच ब्रश फिरवला की त्या जागेची चमक वेगळी पडते, ते ठिगळ कायम दिसत राहतं.

स्वयंपाकघराच्या आणि पुढच्या खोलीच्या दारांवर ऑइलपेंटचे ओघळ आहेत, बिजागरीजवळ आणि खालच्या फळीवर जास्त. रंग जाड लागलाय. ओघळ आतून कडक झालेत का ते नखानं बघा. मऊ असताना घासलं तर सालपट निघेल. आधी १८०, मग ३२० नंबरनं घासा, टर्पेंटाइनच्या फडक्यानं पुसा आणि पातळ असा एकच हात द्या. रात्रभर दार उघडं ठेवा, नाहीतर चौकटीला चिकटेल. कडी-कोयंड्यांवर आणि स्कर्टिंगच्या फरशीवर उडालेले थेंबही काढून द्या.

पश्चिमेच्या खिडकीखाली आलेला पांढरा खार तुमच्या कामात धरत नाही. बाहेरून पाणी मुरतंय, ते गवंड्याचं काम आहे. तिथं आता रंग मारू नका.

आपलं ठरलेलं असं: २४०० स्क्वेअर फूट, १४ रुपयांनी ३३,६००, चार दारांचे ४,४००, एकूण ३८,०००. २८,००० दिलेत, १०,००० राहिलेत. रंग, प्रायमर, पेपर माझा, मजुरी ठरलेल्यातच. हे काम झालं की दिवसाउजेडी बघून त्याच दिवशी पूर्ण रक्कम देतो. तुम्हाला जमणार नसेल तर दोन भिंतींचे ३,५०० आणि दोन दारांचे २,२०० वजा करून ४,३०० मिळतील. पण काम तुमच्याच हातून पुरं व्हावं असं मला वाटतं, बेडरूम बघून तसं सांगतोय.

गणपतीच्या आधी घर लावायचंय. गुरुवारी सकाळी सुरू केलंत तर शनिवारपर्यंत आरामात होईल. येताय का ते बुधवारी संध्याकाळपर्यंत कळवा, म्हणजे त्याच रात्री शेडचा नंबर देऊन डबा आणून ठेवतो.